साहेबांचं शिफारसपत्र : एका अकाउंट्स मॅनेजरच्या निरोपाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अंबड एमआयडीसीतला एक प्रायव्हेट लिमिटेड कारखाना. पत्र्याचे प्रेस केलेले सुटे भाग बनवतो, माल वाहनउद्योगाला आणि स्विचगिअरवाल्यांना जातो. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांच्याकडे १२ वर्षं काम केलेल्या अकाउंट्सच्या मॅडम २०२५ च्या जूनअखेर नोकरी सोडून पुण्याला निघाल्या. पुण्यातली नवी कंपनी एका जर्मन कंपनीची उपकंपनी. तिथल्या एचआरने तीन कागद मागितले: रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि आधीच्या वरिष्ठांचं इंग्रजी शिफारसपत्र.

पहिले दोन कागद ऑफिसात तयार नमुन्यावर निघतात. अमुक तारखेला कामातून मोकळं केलं, अमुक ते अमुक या काळात अमुक पदावर होत्या, एवढंच त्यात असतं. शिफारसपत्राचं तसं नाही. ते एका माणसाने दुसऱ्या माणसाबद्दल स्वतःच्या नावावर दिलेलं मत असतं. वाचणारा ते मत कशाच्या आधारावर दिलंय हे बघतो, आणि बरेचदा फोन करून विचारतोही.

साहेबांनी ते पत्र स्वतः मराठीत लिहिलं, दोन्ही बाजूंनी भरलेला फुलस्केप. ते इंग्रजीत करायला माझ्याकडे आलं. नाशिकमधल्या छोट्या उद्योगांचा इंग्रजी पत्रव्यवहार करून देणं हे माझं रोजचं काम आहे. हे प्रकरण साहेब आणि मॅडम दोघांच्याही परवानगीने, ओळख पटेल असे तपशील काढून लिहिलंय.

मूळ पत्रातला मधला भाग असा होता:

"सौ. ... या आमच्याकडे गेली १२ वर्षे अकाउंट्स मॅनेजर होत्या. अत्यंत प्रामाणिक, एका पैशाचा घोळ नाही. त्यांच्या काळात जीएसटीची एकही नोटीस आली नाही की ऑडिटरने कधी बोट ठेवले नाही. मुलगी आजारी असतानाही मार्च एंडिंगला रात्री ९ पर्यंत बसल्या. मला मुलीसारख्या. बोलायला जरा फटकळ, पण मन निर्मळ. बँकेची लिमिट २ कोटींवरून ५ कोटी झाली ती त्यांच्यामुळेच. त्यांच्या जाण्याने माझा उजवा हात गेला. कधी परत यावेसे वाटले तर दार उघडे आहे."

मराठीत हे पत्र उत्तम आहे. साहेब समोर बसून बोलताहेत असं वाटतं. आणि त्यातलं शेवटचं वाक्य वाचून मॅडम रडल्या, हे मला त्यांच्याच असिस्टंटने सांगितलं.

अडचण

माझ्याकडे येण्याआधी साहेबांच्या पुतण्याने पत्राचं इंग्रजी करून पाहिलं होतं. त्यातलं दुसरं वाक्य होतं, "शी इज अ व्हेरी ऑनेस्ट लेडी अँड हॅज नेव्हर डन एनी फ्रॉड." शब्द जागच्या जागी आहेत. पण पैसे सांभाळणाऱ्या माणसाच्या पत्रात अफरातफरीचा उल्लेख आला, तोही न मागता, की वाचणारा थांबतो. हा विषय निघालाच का, असं त्याच्या मनात येतं. मराठीत "एका पैशाचा घोळ नाही" ही शाबासकी आहे, त्यात संशयाचा लवलेश नाही. इंग्रजीत तीच शाबासकी खुलासा दिल्यासारखी वाटते.

शेवटी पुतण्याने "शी बेअर्स गुड मॉरल कॅरेक्टर" घातलं होतं. हे वाक्य आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यातून आलंय आणि कुठल्याही दाखल्यात शिरतं. बारा वर्षं हिशेब सांभाळलेल्या बाईबद्दल पुण्यातला फायनान्स हेड ते वाचतो तेव्हा त्याला काहीच कळत नाही.

ही भाषेची अडचण झाली, आणि ती सोपी होती. अवघड अडचण वेगळीच निघाली. मूळ मराठी पत्रातल्या तीन गोष्टी कागदोपत्री खऱ्या नव्हत्या.

साहेबांनी खोटं लिहिलेलं नव्हतं. ते आठवणीतून लिहीत होते, आणि आठवण कौतुकाच्या बाजूला झुकते. मॅडम जुलै २०१३ मध्ये अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागल्या आणि एप्रिल २०१८ पासून अकाउंट्स मॅनेजर झाल्या. साहेबांच्या लेखी त्या पहिल्या दिवसापासूनच मॅनेजर, कारण पहिल्या दिवसापासून त्यांना विचारल्याशिवाय चेक निघत नसे. जीएसटीची नोटीस मात्र एक आली होती. आणि ऑडिटरने दरवर्षी क्वेऱ्या काढल्या होत्या, जशा सगळीकडे निघतात.

या गोष्टी मला मॅडमशी पाच मिनिटं फोनवर बोलताना कळल्या. नोटिशीचं त्यांनी स्वतःहून सांगितलं, "ताई, ते तेवढं बदलायला सांगा साहेबांना. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय शब्दशः भाषांतराचा. मराठी पत्र मूळ म्हणून जोडायचं, खाली भाषांतरकाराची सही, वर शिक्का. कोर्टाला, दूतावासाला किंवा विद्यापीठाला द्यायच्या कागदाचं असंच करतात आणि तिथे ते योग्यच आहे, तिथे मला एक शब्द बदलायचा अधिकार नसतो. पण इथे मूळ कागदच अजून सहीचा नव्हता. चुकीची माहिती जशीच्या तशी इंग्रजीत नेऊन खाली "खरी नक्कल" लिहिण्यात काय हशील?

दुसरा पर्याय साहेबांनाच सुचला होता. "तुम्हीच लिहा ना चांगलंसं, मी सही करतो." म्हणजे नेहमीच्या साच्यातलं इंग्रजी पत्र: मेहनती, निष्ठावान, संघभावना असलेली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. अशी पत्रं महिन्याला पाच-सहा माझ्या डोळ्यांखालून जातात आणि नाव बदललं तर कुणालाही चालतात. एचआरवाले ती फाइलला लावतात, वाचत नाहीत. शिवाय फोन आला तर साहेबांना माहीतच नसतं की आपण काय लिहून दिलंय.

तिसरा पर्याय वेळखाऊ. आधी मराठी पत्र साहेबांबरोबर बसून दुरुस्त करायचं, मग त्या दुरुस्त मराठीवरून इंग्रजी घडवायचं, आणि सहीच्या आधी ते इंग्रजी साहेबांना परत मराठीत वाचून दाखवायचं. हाच निवडला. कारण उघड होतं. पत्राची जबाबदारी सही करणाऱ्याची, आणि त्यांची पकड मराठीवर आहे. माहितीतला बदल मी इंग्रजीत गुपचूप केला असता तर मराठीत एक आणि इंग्रजीत भलतंच असं झालं असतं.

काय केलं

साहेबांच्या केबिनमध्ये बसलो. समोर मॅडमची पर्सनल फाइल, जीएसटीच्या पत्रव्यवहाराची फाइल आणि मागच्या पाच वर्षांचे ऑडिट रिपोर्ट.

पदाचा मुद्दा लगेच मिटला. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासणी करणार, ते काम बहुधा बाहेरची एजन्सी करते, आणि तपासणीत तारखा व पद नेमणूकपत्राशी, पीएफच्या नोंदीशी ताडून बघतात. "१२ वर्षे मॅनेजर" हे पत्रात आणि अनुभवाच्या दाखल्यात "असिस्टंट, मग मॅनेजर" असं आलं की संशय साहेबांवर नाही, मॅडमवर जातो. साहेबांना हे पटलं, पण मन खट्टू झालं. "असिस्टंट म्हटलं की कमी वाटतं हो." मी म्हटलं, असिस्टंट म्हणून आल्या आणि पाच वर्षांत सगळा विभाग हातात घेतला, हे जास्त मोठं वाटतं. इंग्रजीत तेच वाक्य पत्राची सुरुवात झालं: "शी जॉइन्ड अस अ‍ॅज अ‍ॅन अकाउंट्स असिस्टंट इन जुलै २०१३ अँड हॅज रन द डिपार्टमेंट सिन्स एप्रिल २०१८." "प्रमोट केलं" असं लिहिलं असतं तर ते साहेबांचं कर्तृत्व झालं असतं. "रन" म्हटल्यावर ते मॅडमचं झालं.

नोटिशीचं थोडं सविस्तर सांगते, कारण पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य त्यातूनच निघालं. २०१८-१९ या वर्षाच्या विवरणांची छाननी करून खात्याने एएसएमटी-१० नोटीस पाठवली होती. आपण भरलेल्या ३बी विवरणात घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, आणि पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या २ए मध्ये दिसणारं क्रेडिट यांत फरक होता. त्या सुरुवातीच्या वर्षांत हा फरक घरोघरी होता, कारण पुरवठादार आपलं विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, उशिरा भरत किंवा बिल चुकीच्या जीएसटी क्रमांकावर दाखवत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने परिपत्रक काढून २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी वाट मोकळी केली: एका पुरवठादाराचा वर्षाचा फरक ५ लाखांपर्यंत असेल तर खुद्द पुरवठादाराचं प्रमाणपत्र, त्याहून जास्त असेल तर सीएचं. मॅडमनी बिलवार तक्ता केला, सातपूर-सिन्नरच्या पुरवठादारांच्या दारात जाऊन प्रमाणपत्रं गोळा केली, आणि एएसएमटी-११ मध्ये उत्तर दिलं. खात्याने एएसएमटी-१२ देऊन प्रकरण बंद केलं. एक रुपया भरावा लागला नाही.

ही फाइल साहेबांनी स्वतः उघडून बघितली आणि म्हणाले, "अरे, हे तर मी विसरलोच होतो." साहजिक आहे. ज्या नोटिशीमुळे मालकाची झोप उडत नाही ती त्याच्या लक्षात राहत नाही.

मराठी पत्रात मग असं आलं: "जीएसटी खात्याची छाननीची एक नोटीस आली होती. त्यांनी बिलवार मेळ घालून स्वतः उत्तर दिले आणि कोणतीही मागणी न निघता प्रकरण बंद झाले." इंग्रजीत फॉर्मचे आकडे घातले नाहीत, पुण्यातल्यांना ते लागणार नाहीत आणि जर्मनीतल्यांना कळणार नाहीत. "द केस वॉज क्लोज्ड विथ नो डिमांड" एवढं पुरलं.

ऑडिटरचं बोट हा त्याच जातीचा प्रश्न होता. पुतण्याच्या मसुद्यात "ऑडिटर्स नेव्हर रेज्ड एनी पॉइंट" होतं, आणि असं कुठल्याच कंपनीत नसतं हे कोणत्याही फायनान्स हेडला माहीत असतं. साहेबांना म्हणायचं होतं की ऑडिट रिपोर्टवर कधी शेरा आला नाही. हे सीएंकडून पक्कं करून घेतलं. मॅडम मॅनेजर असतानाच्या सगळ्या वर्षांचे रिपोर्ट त्यांनी काढून बघितले, एकातही क्वालिफिकेशन नव्हतं. मग "अनक्वालिफाइड ऑडिट रिपोर्ट" हा नेमका शब्दप्रयोग वापरता आला. सीएंना विचारल्याशिवाय मी तो वापरला नसता. ऐकायला साधा असला तरी त्याला ठरावीक अर्थ आहे.

एवढं झाल्यावर "प्रामाणिक" हा शब्द आपोआप अनावश्यक झाला. तरी साहेबांना तो हवा होता. मी विचारलं, तुमचा विश्वास होता म्हणजे तुम्ही त्यांच्यावर नक्की काय सोपवलं होतं? ते म्हणाले, बँकेचं ऑनलाइन पेमेंट त्या तयार करायच्या, मी फक्त मंजुरी द्यायचो, आणि खरं सांगायचं तर शेवटची काही वर्षं यादी न बघता द्यायचो. शेवटचं वाक्य पत्रात घालण्यासारखं नाही, अंतर्गत नियंत्रणाच्या दृष्टीने तर मुळीच नाही. पण पगार, पुरवठादार आणि कर मिळून सगळी देणी त्यांच्या हातून तयार होत होती, हे पत्रात आलं. प्रामाणिकपणा त्यात आलाच.

मुलीच्या आजारपणाचं वाक्य काढायचं हे मी आधीच ठरवलं होतं. आपल्याकडे ते निष्ठेचं उदाहरण मानतात. पण ती घरातली खासगी गोष्ट आहे, ती नव्या कंपनीच्या फाइलला जायचं कारण नाही, आणि वाचणाऱ्याला त्यातून रजा-सुट्ट्यांचीच शंका यायची. मॅडमना विचारलं तर त्या एका शब्दात म्हणाल्या, "काढा." त्याच्या जागी महिनाअखेरचं खरं वेळापत्रक आलं: क्रेडिटचं मासिक पत्रक २बी १४ तारखेला आलं की खरेदीशी मेळ, २० च्या आत ३बी, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, आणि साहेबांना महिन्याचा नफातोटा १० तारखेच्या आत टेबलावर. यातलं शेवटचं तेवढं इंग्रजीत घेतलं, कारण नव्या जागी त्यांना दर महिन्याला हेच करायचं होतं.

बँकेच्या लिमिटचा उल्लेख ठेवला, बँकेचं आणि ग्राहकांचं नाव काढलं. कोटी मिलियनमध्ये केले: ५ कोटी म्हणजे ५० मिलियन. पत्र जर्मनीत गेलं तर तिथे कोटी कोणाला कळणार नाहीत, आणि कंसात समजावत बसणं पत्रात शोभत नाही. "त्यांच्यामुळेच" हे मात्र "शी प्रिपेअर्ड द पेपर्स अँड अ‍ॅन्सर्ड द बँक" असं उतरलं. लिमिट बँक देते, कागद मॅडम करतात.

फटकळ

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पुतण्याने "शी इज शॉर्ट-टेम्पर्ड बट गुड ॲट हार्ट" केलं होतं. अशा ओळीवर नोकरी जाऊ शकते. माझा कल ते सरळ गाळण्याकडे होता, मॅडमचाही. साहेब अडून बसले. "तो त्यांचा गुण आहे. तो काढला तर पत्र माझं राहत नाही."

म्हणून त्यांना एक प्रसंग सांगायला लावला. मार्च २०२४. त्या वर्षापासून आयकराचं कलम ४३बी(एच) लागू झालं होतं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत दिली नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षी धरायचा. जॉबवर्क करणाऱ्या काही छोट्या शेडवाल्यांची बिलं मुदत उलटून पडली होती आणि साहेबांना ती एप्रिलवर ढकलायची होती. मॅडम प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेब, हे ३१ च्या आत गेलं नाही तर तेवढा नफा वाढून त्यावर कर बसेल. यादी केलीये, सही करा." साहेब तेव्हा चिडले होते. संध्याकाळी सही केली.

हाच गुण. मराठीत वाक्य झालं, "माझे चुकत असेल तर तोंडावर सांगतात, आणि आकडे घेऊन सांगतात." इंग्रजीत: "शी विल टेल अ डायरेक्टर प्लेनली व्हेन ही इज राँग, अँड शी ब्रिंग्ज द फिगर्स." फायनान्सच्या माणसाबद्दल याहून चांगलं मला त्या पत्रात दुसरं काही दिसत नाही, आणि ते आलं ते साहेबांच्या हट्टामुळे.

"मुलीसारख्या" आणि "उजवा हात" इंग्रजीत घेतले नाहीत, मराठी पत्रात तसेच राहिले. ते पत्र मॅडमना वेगळं दिलं. "दार उघडे आहे" मात्र अगत्याने घेतलं: "आय वुड एम्प्लॉय हर अगेन विदाउट हेजिटेशन." पुन्हा नोकरीवर घ्याल का, हा प्रश्न तपासणीत हमखास येतो. उत्तर आधीच सहीनिशी दिलेलं बरं.

पत्र एका पानात बसलं. नावापुढे "सौ." च्या जागी "मिझ", आणि नाव पॅनवर आहे तसं. शेवटी साहेबांचा मोबाइल. सहीआधी प्रत्येक वाक्य त्यांना मराठीत सांगितलं, त्यांनी एके ठिकाणी थांबवलं. मी "टीम ऑफ थ्री" लिहिलं होतं, ते म्हणाले मॅडम धरून तीन, हाताखाली दोन. बदललं.

निष्पत्ती

आठवड्याभरात पुण्याहून एचआरचा फोन आला. साहेब हिंदी-मराठीत बोलले. त्यांना विचारलेले तीनही प्रश्न पत्रातल्या वाक्यांवर होते आणि पहिला प्रश्न "चुकत असेल तर सांगतात" यावर होता. साहेबांनी मार्चचा प्रसंग सांगितला. ऑफर पक्की झाली.

गाडी अडली ती दुसरीकडे. तपासणी करणाऱ्या एजन्सीने कारखान्याच्या ईमेलवर एक फॉर्म पाठवला, आणि तो पुतण्याने जुन्या मसुद्यावरून भरून दिला: पद "अकाउंट्स मॅनेजर, २०१३ ते २०२५". पत्र एक सांगत होतं, फॉर्म दुसरंच. एजन्सीने "विसंगती" असा शेरा मारला आणि मॅडमना नव्या ऑफिसातून खुलासा मागणारा मेल आला. नेमणूकपत्र आणि २०१८ चं बढतीचं पत्र स्कॅन करून लेटरहेडवर दुरुस्ती पाठवल्यावर ते मिटलं, पण मॅडमचे चार-पाच दिवस धाकधुकीत गेले.

वेगळं काय करता आलं असतं

फॉर्म येणार हे माहीत होतं. पत्राबरोबरच अर्ध्या पानाचा माहितीतक्ता करून ऑफिसच्या फाइलला लावायला हवा होता: रुजू तारीख, दोन्ही पदं व त्यांच्या तारखा, शेवटचा दिवस, हाताखालची माणसं, सोडण्याचं कारण. जो कोणी फोन घेईल किंवा फॉर्म भरेल त्याने तोच बघायचा. आता मी तो पत्रासोबत देते.

दुसरं, एचआरला आधीच विचारता आलं असतं की त्यांना काय जाणून घ्यायचंय. नवी कंपनी एसएपीवर चालते आणि मॅडमची सगळी हयात टॅलीवर गेली. हा प्रश्न मुलाखतीत निघाला होता, पत्रात त्याबद्दल अक्षर नव्हतं. २०२३ च्या ऑगस्टपासून ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, त्याच्या बऱ्याच आधी, १० कोटींच्या टप्प्याला, मॅडमनी कारखान्यात ते बसवलं होतं, बाहेरचा माणूस न बोलावता. नवी प्रणाली शिकून घेतात याचा तो पुरावा होता आणि एका ओळीत बसला असता.

जुन्या मसुद्याच्या प्रती पुतण्याच्या संगणकात राहू द्यायला नको होत्या, हे साहेबांचं मत. माझं म्हणणं, पुतण्यालाच केबिनमध्ये आमच्याबरोबर बसवायला हवं होतं. आता अकाउंट्सचं तोच बघतो, आणि हाताखालच्या दोन असिस्टंटपैकी एकीने सप्टेंबरमध्ये राजीनामा दिलाय. तिचं पत्र साहेबांनी लिहायला घेतलंय.